मुलाखतीला ‘हो’ म्हणजे ऑडिओच्या तुकड्याला ‘हो’ नव्हे

प्रश्न: “बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातल्या एका मावशींची चाळीस मिनिटांची मुलाखत फोनवर रेकॉर्ड केली आहे. त्यातला दोनेक मिनिटांचा भाग एडिट करून पोर्टलवर टाकायचा आहे. मुलाखतीला त्या हो म्हणाल्या होत्या. तरी वेगळी परवानगी मागावी का? मागायची तर कशी?”

मागाच. मी वकील नाही, त्यामुळे कायद्याच्या बाजूचं खात्रीनं सांगणार नाही. पण आपल्या भागात कापलेल्या आवाजाचं काय होतं ते जवळून पाहिलंय.

खानापूरकडच्याच एका वयस्कर काकूंशी मी जमिनीच्या उताऱ्याबद्दल बोललो होतो. त्या म्हणाल्या, “कन्नड नको म्हणत नाही मी. शेजारात तेच बोलतो की आम्ही. पण उतारा नुसता कन्नडात नको, मराठीतबी द्या.” हा भाग असलेला पावणेदोन मिनिटांचा तुकडा त्यांनी ऐकला आणि हो म्हणाल्या. मी तो डेस्कला पाठवला. डेस्कनं मला न विचारता मोबाइलसाठी त्याचा वीस सेकंदांचा तुकडा केला. पहिली दोन वाक्यं गेली, ‘नुसता’ गेला आणि शेवट ‘नको’वर आला. ऐकणाऱ्याला एवढंच कळलं, की काकूंना कन्नड नको.

सीमाभागात याचा अर्थ काय होतो ते तुम्हाला सांगायला नको. काकूंचा मुलगा सरकारी नोकरीत, शेजारी दोन घरं कन्नड बोलणारी. एका बाजूचे लोक जाब विचारायला आले, दुसऱ्या बाजूचे सत्कार करायला. काकूंना दोन्ही नको होतं. डेस्कचं उत्तर एकच, “आवाज त्यांचाच, शब्द त्यांचेच.” तुकडा काढायला त्यांनी इतके दिवस लावले की तोवर तो गावातल्या प्रत्येक ग्रुपवर फिरून झाला होता. त्या डेस्कबद्दलचा माझा राग अजून गेलेला नाही.

म्हणून माझं ठाम मत असं, की परवानगी विषयाला नाही, ठरावीक फाइलला मागायची. जी फाइल लागणार तीच ऐकवायची. सोबत मथळा द्यायचा, कारण मथळ्यानंही अर्थ फिरतो. कुठे काय कापलं तेही सांगायचं. मी साधारण असा निरोप पाठवतो:

“नमस्कार मावशी. आपण बोललो त्यातला १ मिनिट ५० सेकंदांचा हा भाग आमच्या पोर्टलवर आणि त्याच्या फेसबुक पानावर लावायचा आहे. मथळा खाली दिलाय. मधला बियाण्यांचा भाग काढलाय, तिथं माझा आवाज येतो. तुमचं नाव द्यायचं की नुसतं तालुक्याचं? अर्थ बदललाय असं कुठं वाटलं तर सांगा. गुरुवारी संध्याकाळपर्यंत कळवा. तुमचा होकार आल्याशिवाय लावणार नाही. यापेक्षा छोटा करायचा झाला तर परत विचारीन.”

वाचता येत नसेल तर घरी जाऊन ऐकवा आणि होकार त्यांच्याच आवाजात घ्या, त्यात तारीख आणि तुकड्याची लांबी बोलून घ्या. निळ्या टिका म्हणजे होकार नव्हे. हाच निरोप डेस्कलाही पाठवा आणि “यापुढे कापू नये” असं लेखी घ्या. माझ्या अनुभवात खरी गळती तिथेच होते.

कापताना दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं जोडू नका. जोडणं भागच असेल तर मध्ये तुमचा प्रश्न ठेवा. वाक्याच्या आतला शब्द तर काढूच नका. काकूंच्या मागं पिठाच्या गिरणीची घरघर होती, ‘नुसता’ काढला तिथं ती तुटलेली हेडफोनवर स्पष्ट ऐकू येते. असा झटका आला की तिथं अर्थही तपासा. मूळ रेकॉर्डिंगला हात लावू नका, कापायचं ते त्याच्या प्रतीवर. मागं कुणी शेजाऱ्याचं नाव घेऊन हाक मारली असेल तर तेही ऐकून घ्या, त्या माणसाला कुणी विचारलेलं नसतं.

नाव लपवल्यानं आवाज लपत नाही, हे मावशींना आधीच सांगा. गावात दोन शब्दांत माणूस ओळखतात. आवाज जाड-बारीक केला तरी बोलण्याची ढब तीच राहते. ओळख खरंच नको असेल तर ऑडिओ सोडून नुसतं लिहा.

काही पत्रकार म्हणतील, आधी ऐकवलं की संपादन समोरच्याच्या हातात जातं. आमदार किंवा अधिकारी पदावरून बोलला असेल तर मीही ऐकवत नाही. मावशींची गोष्ट वेगळी, त्यांना खुलासा करायला पत्रकार परिषद घेता येत नाही. आणि त्यांना मी अर्थ बरोबर आहे का एवढंच विचारतो, बातमी काय असावी ते नाही.

गुरुवारपर्यंत उत्तर आलं नाही तर एक फोन करा. तरीही नाही आलं तर ऑडिओ बाजूला ठेवून त्याशिवायची बातमी द्या. लावल्यानंतर त्यांनी काढायला सांगितलं तर पोर्टलवरून काढता येईल, लोकांच्या मोबाइलमधून नाही, हेसुद्धा होकार घेण्याआधीच सांगून ठेवा.