पाच पॉइंट आणि एक टेबल: स्लोप, इंटरसेप्ट, R² हाताने काढताना

मॅडम, जाहिरातीचा खर्च x = २, ४, ५, ६, ८ आणि विक्री y = १४, १९, २५, २६, ३६ (दोन्ही हजार रुपयांत). स्लोप, इंटरसेप्ट, R² तिन्ही काढायचे आहेत. मला प्रत्येक वेळी अर्धा तास लागतो, सुरुवात कुठून करू?

सरासरीपासून. x ची बेरीज २५, पाचने भागून ५. y ची बेरीज १२०, सरासरी २४. आता प्रत्येक x मधून ५ वजा कर, प्रत्येक y मधून २४ वजा कर, या फरकांना dx आणि dy म्हणूया, आणि पुढचं सगळं गणित या फरकांवरच करायचं, मूळ आकड्यांकडे परत बघायचंच नाही.

```
x   y    dx   dy   dx·dy  dx²  dy²
२   १४   -३   -१०   ३०     ९   १००
४   १९   -१   -५    ५      १   २५
५   २५    ०    १    ०      ०    १
६   २६    १    २    २      १    ४
८   ३६    ३   १२   ३६      ९   १४४
          ०    ०   ७३     २०   २७४
```

dx आणि dy च्या कॉलमची बेरीज शून्य आली का ते आधी बघ, मगच गुणाकार सुरू कर. ती शून्य नसेल तर सरासरी तरी चुकलीय नाहीतर एखादी वजाबाकी, आणि ते इथेच सापडलं तर अर्धा मिनिट जातो, शेवटी सापडलं तर अख्खं टेबल परत. मी पेपर तपासते तेव्हा बऱ्याच जणांची चूक नेमकी इथली असते, −१० च्या जागी १० लिहिलेला असतो आणि पुढचं सगळं तसंच वाहत गेलेलं असतं.

आता हातात तीनच आकडे आहेत: ७३, २० आणि २७४. स्लोप म्हणजे ७३ ÷ २० = ३.६५. इंटरसेप्ट म्हणजे y ची सरासरी वजा स्लोप गुणिले x ची सरासरी, २४ − ३.६५ × ५ = २४ − १८.२५ = ५.७५. R² म्हणजे ७३ चा वर्ग भागिले (२० × २७४), म्हणजे ५३२९ ÷ ५४८० = ०.९७२४. झालं. रेषा y = ५.७५ + ३.६५x.

अर्थ विचारला असेल तर एकच ओळ लिही, जाहिरातीवर हजार रुपये जास्त खर्च केले तर विक्री सरासरी ३,६५० रुपयांनी जास्त दिसते, आणि विक्रीतल्या चढउताराचा ९७ टक्के भाग या रेषेने समजतो. ५.७५ बद्दल मात्र जपून लिही, आपला सगळ्यात छोटा x २ आहे, शून्य खर्चाला काय होतं ते या डेटात कुणी पाहिलेलंच नाही.

तिसरी ओळ बघ, dx शून्य आहे म्हणून मुलं ती गाळतात. गाळू नकोस. स्लोपला तिचा काही हातभार नाही हे खरंय, पण dy² मध्ये तिचा १ आहे आणि y च्या सरासरीत तिचे २५ आहेत. ती काढून सगळं परत केलंस तर स्लोप तोच ३.६५ येतो पण इंटरसेप्ट ५.५ होतो, म्हणून स्लोप जुळला की सगळं बरोबर असं धरू नकोस.

आमच्या परीक्षेत सरासरी कधीच अशी गोल येत नाही, २४.६ वगैरे येते. मग फरकांची पद्धत सोडून nΣxy वालं सूत्र वापरायचं का?

पाच पॉइंट असतील आणि आकडे पूर्णांक असतील तर सरासरी एका दशांश स्थळाच्या पुढे जातच नाही, कारण पाचने भागल्यावर .२, .४, .६, .८ एवढंच उरतं. म्हणजे २४.६ ही पूर्ण अचूक सरासरी आहे, राउंड करायची वेळच येत नाही. फरक १.४, −२.६ असे येतील, वर्ग १.९६, ६.७६ असे. थोडं किचकट, पण अचूक.

तरी ते दशांश नकोसे वाटत असतील तर दुसरं सूत्र बिनधास्त वापर, उत्तर तेच येतं. वरच्याच डेटावर बघ: Σxy = ६७३, Σx² = १४५. वर ५ × ६७३ − २५ × १२० = ३३६५ − ३००० = ३६५. खाली ५ × १४५ − २५ × २५ = ७२५ − ६२५ = १००. भागाकार ३.६५. आपल्या टेबलमधले ७३ आणि २० च आहेत हे, फक्त दोन्ही पाचपट झालेत.

यात धोका एकच, Σx² आणि (Σx)² यांची गल्लत. आधी वर्ग करून मग बेरीज केली तर १४५, आधी बेरीज करून मग वर्ग केला तर ६२५. खालची वजाबाकी शून्य किंवा उणे आली तर कुठेतरी चूक झालीय असं समज, कारण x वेगवेगळे असतील तर ती वजाबाकी कायम धनच यायला हवी.

आमचे सर R² साठी 1 − SSE/SST करायला लावतात, क्लासमध्ये मात्र b × Sxy ÷ Syy शिकवलंय. माझी दोन उत्तरं जुळत नाहीत, एक ०.९७ आणि दुसरं ०.९९ येतंय. कोणतं बरोबर?

०.९७ बरोबर. तू स्लोप ३.६५ चा ३.७ केलास, हो ना? वरच्या डेटावर करून दाखवते.

आधी राउंड न करता. रेषेवरून पाचही y काढले तर १३.०५, २०.३५, २४, २७.६५, ३४.९५ येतात. खऱ्या y मधून ते वजा केले की ०.९५, −१.३५, १, −१.६५, १.०५ उरतात, बेरीज शून्य (ही पण एक छान चेक आहे). वर्गांची बेरीज ७.५५, हा SSE. SST म्हणजे आपले २७४. १ − ७.५५ ÷ २७४ = ०.९७२४. आणि दुसऱ्या वाटेने, b म्हणजे स्लोप, Sxy म्हणजे ७३ आणि Syy म्हणजे २७४ धरून, ३.६५ × ७३ ÷ २७४ = २६६.४५ ÷ २७४ = ०.९७२४. जुळलं.

आता ३.७ घेऊन कर. इंटरसेप्ट २४ − १८.५ = ५.५. SSE ७.६० येतो, R² ०.९७२३, म्हणजे जवळपास तेच. पण क्लासच्या वाटेने ३.७ × ७३ = २७०.१, भागिले २७४ = ०.९८५८. तुझे ०.९९ इथून आले.

असं का होतं ते समजून घे. आपली रेषा म्हणजे SSE सगळ्यात कमी असलेली रेषा, आणि अशा तळाच्या जागी थोडं इकडेतिकडे सरकलं तरी SSE फारसा हलत नाही. b × Sxy मध्ये तसा काही आधार नाही, स्लोपमधली चूक तिथे थेट ७३ ने गुणली जाते. म्हणून मी तर R² साठी b वापरतच नाही, वर्ग ÷ गुणाकार, ५३२९ ÷ ५४८०, यात आधी राउंड झालेलं काहीच शिरत नाही. सरांनी SSE मागितला असेल तर तोच दाखव, पण स्लोपला निदान तीन-चार दशांश ठेवून.

माझा R² १.५२ आला. एकापेक्षा जास्त येऊच शकत नाही ना? टेबल तीनदा तपासलं, चूक सापडत नाही.

टेबल बरोबर असणार तुझं. कोव्हेरियन्स n−1 ने भागलास आणि व्हेरियन्स n ने, असं झालंय. कॅल्सीवर σx आणि sx अशी दोन वेगळी उत्तरं मिळतात, पहिलं n वालं, दुसरं n−1 वालं, आणि घाईत कुठलंही उचललं जातं.

आकड्यांत बघ. ७३ ÷ ४ = १८.२५ हा कोव्हेरियन्स. व्हेरियन्स मात्र २० ÷ ५ = ४ आणि २७४ ÷ ५ = ५४.८. मग १८.२५ चा वर्ग ÷ (४ × ५४.८) = ३३३.०६ ÷ २१९.२ = १.५२. तुझंच उत्तर.

तुझी चूक निदान ओरडून सांगतेय. उलटी गल्लत झाली, कोव्हेरियन्स n ने आणि व्हेरियन्स n−1 ने, तर R² ०.६२ येतो, आणि ०.६२ बघून कुणालाच शंका येत नाही, मुलं खाली ‘मध्यम संबंध’ असा निष्कर्षही लिहून मोकळी होतात. पाच पॉइंटला ही गल्लत फार महागात पडते कारण ५ आणि ४ मध्ये फरकच मोठा आहे. त्यामुळे भागूच नकोस. ७३, २०, २७४ हे कच्चे आकडेच सूत्रात घाल, n किंवा n−1 वरखाली सारखाच असला तर तो कटूनच जातो.

x मध्ये वर्षं दिली असतील तर? २०१९ ते २०२३, y = ४०, ४४, ४३, ४९, ५४. Σx² करायला गेलो तर आकडा कॅल्सीत वाचताही येईना.

Σx² इथे २,०४,२२,२१५ येतो, त्यातून २,०४,२२,२०५ वजा करून उरणार १०. त्या दहासाठी एवढे मोठे आकडे कशाला लिहायचे? मधलं वर्ष २०२१ वजा कर, x च्या जागी u = −२, −१, ०, १, २ घे. Σu² = १०. Σuy = −८० − ४४ + ० + ४९ + १०८ = ३३. u ची बेरीज शून्य असल्यामुळे इथे y मधून सरासरी वजा करायचीही गरज नाही. स्लोप ३.३, y ची सरासरी ४६, रेषा y = ४६ + ३.३u. R² साठी मात्र dy लागतात: −६, −२, −३, ३, ८, वर्गांची बेरीज १२२, म्हणून १०८९ ÷ १२२० = ०.८९२६.

x सरकवल्याने स्लोप आणि R² बदलत नाहीत, फक्त इंटरसेप्ट बदलतो. त्यामुळे उत्तरात ‘u = x − २०२१’ हे लिहायलाच हवं, नाहीतर ४६ कसले ते तपासणाऱ्याला कळणार नाही. मूळ x मध्येच हवा असेल तर ४६ − ३.३ × २०२१ = −६६२३.३, आणि इथे स्लोप ०.०५ ने जरी राउंड झाला तरी इंटरसेप्ट शंभराने हलतो. २०२५ चा अंदाज विचारला तर u = ४ ठेव, ४६ + १३.२ = ५९.२.

R² वरून r काढताना वजा कधी लावायचा? बारावीला byx आणि bxy दोन्ही दिलेत, त्यात अजून गोंधळ होतो.

स्लोपचं चिन्ह तेच r चं चिन्ह. आपल्या पहिल्या डेटात स्लोप धन, म्हणून r = +०.९८६. y उतरता असता तर R² तेवढाच राहून r = −०.९८६ झाला असता.

byx म्हणजे ७३ ÷ २० = ३.६५, bxy म्हणजे ७३ ÷ २७४ = ०.२६६४, दोघांचा गुणाकार ०.९७२४, हाच R². दोन्हीच्या वर तेच ७३ आहेत, म्हणून एक धन आणि एक ऋण असं कधीच येत नाही. तसं आलं तर दोन्हीकडे वर तोच आकडा त्याच चिन्हाने घेतलाय का ते बघ, आणि dx² किंवा dy² ची बेरीज उणे तर आली नाही ना तेही.