बारा मजल्यांची सोसायटी आहे, खालच्या मजल्यांवर रात्री फ्लशच्या टाक्यांचे नळ गळतात. पाण्याचं प्रेशर कमी करणारा व्हॉल्व्ह, म्हणजे पीआरव्ही, किती बारवर सेट करायचा?

गेज कुठल्या मजल्यावर बसवलाय ते सांगितल्याशिवाय आकडा विचारण्यात अर्थ नाही. याच आकड्यावरून आमच्या वडोदऱ्याच्या सोसायटीत मीटिंगा गाजल्या आहेत. सेक्रेटरींचं म्हणणं, "काटा दोनवर ठेवा, सगळ्यांना दोन मिळेल." नाही मिळत! दहा मीटर उतरलं की एक बार वाढतो. आमचा व्हॉल्व्ह पाचव्या मजल्यावर, त्याखाली पंधरा मीटर पाइप. वर दोन ठेवलं तर तळमजल्याच्या नळाला साडेतीन. वर एक ठेवा, मग तळमजल्याला अडीच आणि चौथ्याला सव्वाच्या आसपास. आमच्यासाठी हाच आकडा बरोबर होता.

पण खरी गंमत पुढे. रात्री गळती सुरू झाली की सेक्रेटरी प्लंबरला बोलवायचे आणि प्रेशर कमी करायला व्हॉल्व्हचा स्क्रू सैल करायला लावायचे. तोही सगळे नळ बंद असताना! प्लंबर म्हणायचा, "काका, कांटो तो हलतो ज नथी." हलेल कसा? पुढच्या पाइपात कोंडलेल्या पाण्याला वाट हवी ना. म्हणून आणखी सैल, आणखी सैल, आणि सकाळी चौथ्या मजल्यावरच्या बाईंच्या शॉवरला नुसती धार.

मी पाचव्या मजल्यावर उभा राहून खालचा एक नळ थोडा उघडायला लावला. काटा एकवर आला. नळ बंद केला आणि बघत बसलो. काटा एकवर थांबायला हवा होता, तो हळूहळू चढत अडीचवर गेला. व्हॉल्व्हच्या वरच्या बाजूलाही टाकीचं तेवढंच प्रेशर होतं. म्हणजे सेटिंगचा प्रश्नच नव्हता, व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नव्हता. खोलला तर रबराच्या सीटवर पाइपाचा प्लास्टिकचा कीस चिकटलेला, टाकी धुतल्यानंतर खाली आलेला. व्हॉल्व्हच्या आधीची जाळी कुणीतरी काढून ठेवली होती. पुसून बसवला, जाळी लावली, रात्री काटा जागचा हलला नाही. तरी सेक्रेटरी आजही म्हणतात, "स्क्रूच सैल करायला हवा होता."

तुम्ही आधी ही काट्याची परीक्षा करा. काटा चढला तर सीट नि जाळी साफ करा. सीट कापली गेली असेल तर बदला. नाही चढला तरच स्क्रूला हात लावा: लॉकनट सैल करून, खाली एक नळ किंचित चालू ठेवून, थोडंथोडं फिरवा. घड्याळाच्या दिशेने वाढतं. मग नळ बंद करून पुन्हा बघा. पाणी जोरात वाहताना काटा थोडा खाली येणारच, तेवढ्यावरून पुन्हा कसू नका.

आणि हो, हे सगळं गच्चीवरच्या टाकीतून खाली येणाऱ्या पाण्याचं. तुमच्याकडे खालून प्रेशर पंप असेल तर व्हॉल्व्हच्या वरच्या मजल्यांना दर दहा मीटरला एक बार वजा धरा.