पॅराशूटच्या भोकाचा परिणाम घड्याळात का दिसत नाही?

प्रश्न: मुलगी आठवीत आहे, विज्ञान प्रदर्शनासाठी पॅराशूट करतेय. प्लास्टिकचे गोल, चौकोनी आणि षट्कोनी असे तीन कापले, सगळे ४० सेंमी रुंद. खाली तेच एक खेळणं बांधून दुसऱ्या मजल्यावरून सोडले. गोलाला साधारण २.६ सेकंद, चौकोनीला २.९, षट्कोनीला २.४ लागले. मग गोलाला मधोमध ४ सेंमीचं भोक पाडलं, तर एकदा २.४ आले आणि एकदा २.९! भोकामुळे पॅराशूट लवकर पडायला हवं ना? आमचं काय चुकतंय?

उत्तर:

आधी आकारांचं बघू, कारण तिथलं कोडं लगेच सुटतं. ४० सेंमी व्यासाच्या गोलाचं क्षेत्रफळ १२५७ चौरस सेंमी भरतं. ४० सेंमी बाजूच्या चौकोनाचं १६००. षट्कोन तुम्ही बहुधा कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत ४० सेंमी धरलाय, त्याचं १०३९ च्या आसपास. म्हणजे तीन आकारांची नव्हे, तीन वेगवेगळ्या मापांच्या पॅराशूटची शर्यत लागली.

वजन तेच ठेवलं तर पडायला लागणारा वेळ ढोबळमानाने क्षेत्रफळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. गोलाचे २.६ सेकंद धरून हिशेब केला तर चौकोनाला २.९३ आणि षट्कोनाला २.३६ यायला हवेत. तुमचे आकडे २.९ आणि २.४ आहेत. म्हणजे मोजणी छानच झालीय, पण तिने आकाराबद्दल काहीही सांगितलेलं नाही. जे दिसलं ते सगळं क्षेत्रफळाचं आहे.

तेव्हा क्षेत्रफळ सारखं ठेवा. ४० सेंमी व्यासाचा गोल, ३५.४ सेंमी बाजूचा चौकोन आणि २२ सेंमी बाजूचा षट्कोन, तिन्ही १२५७ च्या जवळ येतात. वेळ असेल तर चौथा आकार म्हणून अधिकचिन्हासारखी फुली जरूर करा: १५.९ सेंमी बाजूचे पाच चौरस, मध्ये एक आणि चार बाजूंना चार, पण सलग एकाच तुकड्यातून कापलेले. ती का, ते पुढे येईल.

कॅरीबॅग वापरू नका. नियमाप्रमाणे ती आता १२० मायक्रॉनची असते, म्हणजे ताठ, आणि एवढ्या छोट्या पॅराशूटला नीट फुगत नाही. कचऱ्याची मध्यम आकाराची पातळ पिशवी उभी फाडून घ्या, त्यातून ४० चा गोल निघतो. दोऱ्या सगळ्यांना आठ, आणि प्रत्येक दोरी किमान ४० सेंमी. आखूड दोऱ्या कडा आत ओढतात, आणि छत्री कागदावर १२५७ असली तरी हवेत बरीच लहान होते. चौकोनाला फक्त चार कोपऱ्यांना दोऱ्या बांधल्या तर मधल्या कडा वर उचलल्या जातात आणि तिथून हवा निसटते. मग फरक आकाराचा की दोऱ्यांचा, हे कळणार नाही. म्हणून कडांच्या मध्यावरही चार बांधा. षट्कोनाला आठ दोऱ्या सम अंतरावर बसत नाहीत. मी असतो तर तो सरळ वगळला असता, गोलापासून तो फार वेगळा वागत नाही.

आता भोक. तुमच्या प्रश्नातला खरा रस इथे आहे.

४ सेंमीचं भोक ४० सेंमीच्या गोलातून किती क्षेत्रफळ काढतं? व्यास दहावा हिस्सा, म्हणजे क्षेत्रफळ शंभरावा हिस्सा, फक्त १ टक्का. वेळेत त्याचा परिणाम अर्धा टक्का. २.६ सेकंदांत हा फरक सेकंदाच्या शंभराव्या भागाएवढा येतो. माणसाचं बोट स्टॉपवॉचवर पडायलाच पाचएक शतांश ते दोन दशांश सेकंद इकडेतिकडे होतात. म्हणजे हा परिणाम तुमच्या घड्याळाला दिसणं शक्यच नव्हतं. मग २.४ आणि २.९ कुठून आले? हेलकाव्यांमुळे, वाऱ्यामुळे आणि छत्री कधी उघडली त्यामुळे.

भोक असतं कशाला, तेही इथेच लक्षात येतं. बिनभोकाच्या सपाट गोल छत्रीत साठलेली हवा कडेखालून बाहेर पडते, पण ती चहूबाजूंनी सारखी पडत नाही. एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने निसटते, आणि छत्री झोके घेऊ लागते. आंद्रे-जाक गार्नरँने १७९७ मध्ये पॅरिसमध्ये बलूनमधून पॅराशूटने उडी मारली, तेव्हा तो असाच भयंकर हेलकावत खाली आला होता. पुढे माथ्यावर भोक ठेवायची पद्धत पडली. थोडी हवा वरून सरळ निघून जाते, कडेची ओढाताण कमी होते. पॅराशूट अभियंत्यांच्या तक्त्यांत सपाट गोलाचा रोधगुणांक, म्हणजे तो आकार हवेला किती अडवतो याचा आकडा, ०.७५ ते ०.८० दिलेला असतो, पण झोका १० ते ४० अंशांपर्यंत. फुलीच्या आकाराचा गुणांक ०.६० ते ०.८५ आणि झोका जेमतेम तीन अंश. फुली करा म्हटलं ते यासाठी. वेळेत ती गोलापासून फार लांब नसेल, पण उतरताना शेजारी शेजारी बघितलं तर फरक लहान मुलालाही कळेल.

झोके घेणारी छत्री लवकर पडते असंही नाही. कधी ती तिरकी होऊन हवेवर घसरत जाते आणि उलट उशिरा टेकते. कधी हवा सांडते आणि भसकन खाली येते. म्हणून एकाच पॅराशूटचे वेळ विखुरतात. छोट्या भोकाचा परिणाम सरासरीत नाही, या विखुरण्यात शोधायचा. मुलीच्या तक्त्यात सरासरीशेजारी सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त वेळाचाही रकाना हवा, आणि व्हिडिओत दिसलेला सगळ्यात मोठा झोकाही अंदाजे अंशांत लिहावा.

तरीही सरासरीतला परिणाम बघायचा असेल तर भोकं मोठी घ्या आणि मोजण्याची रीत बदला. खेळण्याला माती चिकटवून छत्री, दोऱ्या सगळं धरून एकूण वजन ५० ग्रॅम करा. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा चालेल. वेगाचं सूत्र हे, यात m म्हणजे किलोतलं वजन, g गुरुत्वत्वरण, ρ हवेची घनता, C रोधगुणांक आणि A चौरस मीटरमधलं क्षेत्रफळ:

```
v = √(2mg / ρCA)
```

हवेची घनता घनमीटरला १.१५ किलो, गुणांक ०.७५ धरला तर वेग सेकंदाला ३ मीटर येतो. सोडल्यापासून जमिनीपर्यंतचा वेळ मोजू नका, कारण त्यात छत्री उघडण्याचा बेभरवशाचा वेळ मिसळतो. उघडल्यानंतर वेग अर्ध्या-एक सेकंदात स्थिरावतो. म्हणून वरचे ३ मीटर सोडून द्या आणि त्याखालचे ५ मीटर मोजा. यासाठी दुसरा मजला थोडा कमी पडेल, तिसरा बघा. कठड्याशी मोठं माणूस हवं.

छत्री जिथून पडते त्याच रेषेत एक दोरी खाली सोडा आणि तिला ५ मीटर अंतरावर दोन रंगीत फिती बांधा. भिंतीवर खुणा करू नका. छत्री भिंतीपासून पुढे असते, आणि तिरक्या नजरेने बघताना खूण भलतीकडे दिसते. फोन शक्य तितका लांब, दोन फितींच्या मधल्या उंचीवर, स्टँडवर ठेवा. चित्रण सेकंदाला ६० फ्रेमचं करा. संगणकावर VLC प्लेअरमध्ये `E` दाबलं की एकेक फ्रेम पुढे सरकते. छत्री नव्हे, खेळणं फितीसमोरून जाताना मोजा, कारण छत्रीची कड थरथरत असते. ५ मीटरला १.६७ सेकंद, म्हणजे बरोबर १०० फ्रेम. एक फ्रेम म्हणजे एक टक्का, हिशेबाला सोपं. एक सावधगिरी: अंधुक उजेडात बरेच फोन गुपचूप फ्रेम कमी करतात. चालू स्टॉपवॉच एकदा चित्रात धरून पडताळा.

नुसतं क्षेत्रफळ घटलं असं धरलं तर अपेक्षा अशी: ४ सेंमीच्या भोकाला अर्धी फ्रेम कमी, म्हणजे काहीच नाही. ८ सेंमीला २ फ्रेम, १२ ला साधारण ५, १६ ला ८ आणि २० सेंमीला १३. तेव्हा ०, ८, १२, १६ आणि २० घ्या. मोजलेले आकडे या ओळीवर बसले तर भोक म्हणजे फक्त गेलेलं कापड. अपेक्षेपेक्षा जास्त फ्रेम कमी झाल्या तर भोकातून जाणाऱ्या हवेने आतला दाबही घटवलाय, असं म्हणता येईल. उलट ८ किंवा १२ ला वेळ अजिबात घटला नाही, पण विखुरणं आक्रसलं, तर झोके थांबल्याचा फायदा गेलेल्या कापडाची भरपाई करतोय. मुलीने प्रदर्शनात हाच आलेख मांडावा: आडवा अक्ष भोकाच्या क्षेत्रफळाची टक्केवारी (व्यास नव्हे), उभा अक्ष वेळ, आणि अपेक्षेची रेघ तुटक.

सोडायची रीतही सगळ्यांना एकच लागते, आणि इथे भोक अडचण करतं: माथा धरायला कापडच नसतं. भोकावरून दोन बारीक दोरे फुलीसारखे ताणून चिकटवा आणि त्यांच्या छेदावर चिमटीत धरून सोडा. बिनभोकाच्यालाही तसेच दोरे चिकटवा, नाहीतर तिथेच फरक शिरेल. भोक मोठं करत एकाच छत्रीवर सगळं केलं तर प्लास्टिक चुरगळत जातं आणि तो परिणाम भोकाच्या नावावर जमा होतो. प्रत्येक मापाची वेगळी छत्री करा, आणि सोडताना क्रम पिसा: बिनभोक, १६, ८, २०, १२, परत बिनभोक. एकाच मापाचे सगळे प्रयोग ओळीने केले तर मधेच बदललेला वारा त्या एका मापालाच चिकटतो.

वाऱ्याला हलकं घेऊ नका. भिंतीवर आदळलेला वारा भिंतीलगत वर चढतो. ती चढण सेकंदाला जेमतेम ३० सेंमी असली तरी ३ मीटरच्या वेगात १० टक्के झाली, म्हणजे १६ सेंमीच्या भोकाचा अख्खा परिणाम झाकायला पुरेशी. शाळेचा उंच सभागृह-सज्जा किंवा जिन्याची रुंद विहीर मिळाली तर उत्तम, नाहीतर उजाडल्यावर लगेच, झाडाचं पान हलत नसताना. छत्री भिंतीला लागली किंवा दोऱ्या गुंतल्या तर तो प्रयोग बाद, हे आधीच वहीत लिहून ठेवायला सांगा. आकडा विचित्र आला एवढ्यावरून मात्र काहीही बाद करायचं नाही.