खणाचं लॅपटॉप कव्हर शिवताना

ताई, खणाच्या वस्तू शिवायला कुठून सुरुवात करू असं विचारलंत, तर लॅपटॉप कव्हरपासूनच करा, पण कापड घेताना घाई नको. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डच्या हातमागाचा म्हणून पॉलिएस्टरचा खण सर्रास गळ्यात मारतात. कडेचा एक धागा काढून जाळा. वितळून कडक गोळी झाली, तर तो पॉलिएस्टर. मग ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून रंग सुटतो का तेही बघा.

खणाचा पन्हा लहान, म्हणून काठ कुठे येणार ते आधी ठरवा. मी तो कव्हरच्या तोंडाशी ठेवते, कारण तिथली किनार उसवत नाही. कापलेल्या कडांचे धागे मात्र भराभर सुटतात. माझी पहिली कव्हरं महिन्याभरात शिवणीतून उसवली, फार वाईट वाटलं. आता कापण्याआधीच मागून फ्यूजिंगचं पातळ अस्तर इस्त्रीने चिकटवते आणि शिवणीसाठी अर्धा इंच माया सोडते.