पाटी काढ, खड्डा बुजव

तू बनवत असलेल्या गेमच्या पहिल्या लेव्हलमध्ये उडी कशी मारायची हे सांगणाऱ्या तीन पाट्या आहेत. त्या काढ आणि १९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ची पहिली लेव्हल नीट बघ.

सुरुवातीला मारिओ डावीकडे उभा, उजवीकडे मोकळी जागा. कुठे जायचं ते न सांगता कळतं. मग समोरून गूम्बा नावाचा शत्रू चालत येतो. आदळलास तर मेलास, पण खेळ नुकताच सुरू झालाय, गमावण्यासारखं काहीच नसतं. पुढे ठोकळ्यातून मशरूम निघतो, उजवीकडे घरंगळतो, पाइपला धडकून परत तुझ्याकडेच येतो. घाबरून उडी मारलीस तरी वरच्या विटांना डोकं आपटून बहुधा त्याच्यावरच पडतोस, आणि मोठा होतोस. शत्रू नव्हता तर! (मला हा सापळा फार आवडतो.)

तुझ्या कामाचा भाग मात्र लेव्हलच्या शेवटाकडे आहे. तिथे समोरासमोर दोन जिने आहेत, मध्ये साधी जमीन. उडी चुकली तर पुन्हा चढायचं, बस्स. लगेच पुढे तशीच जोडी, पण मध्ये खड्डा. तुझा पहिलाच खड्डा जीवघेणा आहे. त्याच्या आधी तेवढ्याच रुंदीचा बुजवलेला खड्डा ठेव.

एक मर्यादा आहे. बटण दाबून पळता येतं हे ही लेव्हल शिकवत नाही, फक्त पळण्यावाचून अडू देत नाही. बटणाचं नाव सांगायला एखादी पाटी चालेल.

नंतर कुणाला तरी खेळायला दे आणि गप्प बस. तो दुसऱ्या खड्ड्यापाशी थांबून बटणं चाचपू लागला, तर पहिला, बुजवलेला खड्डा काही शिकवत नाहीये.