डबलसीट आणि सामान असताना मागच्या शॉकचा प्रीलोड कितीवर ठेवायचा?

प्रश्न: बाईकच्या मागच्या चाकाचा ट्रॅव्हल १५० मिमी आहे, मोनोशॉक, प्रीलोडला बाहेर नॉब. माझं वजन हेल्मेट-जॅकेटसकट ८० किलो, मागे बसणारीचं ६० आणि सामान १५ किलो. नॉब पूर्ण टाइट केला तरी खड्ड्यात मागून आपटते, आणि तसाच ठेवून एकटा चालवली तर दगडासारखी लागते. सॅग कसा मोजू आणि प्रीलोड कितीवर ठेवू?

उत्तर:

एकटे असताना साधारण ३८ मिमी आणि डबलसीट सामानासकट ५० मिमीच्या आसपास सॅग, हे लक्ष्य ठेवा. सॅग म्हणजे वजनाखाली मागची बाजू जेवढी खाली बसते ते माप. नॉब त्यासाठी कितीवर येतो हे टेपने मोजल्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही. आणि तुमच्या वर्णनावरून मला नॉबपेक्षा शॉकवरच्या रिंगचा संशय येतोय.

आधी एक गैरसमज काढू. प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला दाब, वाढवला की स्प्रिंग कडक होते असं सर्रास म्हणतात, पण तसं होत नाही. चाक १ सेंमी वर ढकलायला जेवढा जोर आधी लागायचा तेवढाच नंतरही लागतो. प्रीलोडने फक्त बाईकची मागची बाजू वर उचलली जाते, म्हणजे वजनाखाली बसल्यावर खाली किती ट्रॅव्हल शिल्लक राहतो ते बदलतं. आपटणं थोडं कमी होतं ते या शिल्लक जागेमुळे. एकट्याने चालवताना मात्र चाकाला खाली उतरायला जागा राहत नाही, छोट्या खळग्यातही शॉक वरच्या टोकाला जाऊन ठक् करतो, आणि तेच तुम्हाला दगडासारखं लागतं.

आता मोजणी. मागच्या ॲक्सलचा मध्य आणि त्याच्या बरोबर वर टेल पॅनेलवर चिकटपट्टीचा एक तुकडा, हे दोन बिंदू पक्के करा. सगळी मापं याच दोन बिंदूंमधली. पहिलं माप चाक पूर्ण हवेत असताना घ्यायचं. सेंटर स्टँडवर चाक उचललं जात असेल तर काम सोपं. पॅडॉक स्टँड इथे चालत नाही, कारण तो स्विंगआर्मला धरून उचलतो, म्हणजे शॉकवरचं वजन तसंच राहतं आणि माप खोटं येतं. दुसरं माप बाईक चाकांवर सरळ उभी, वर कुणी नाही. तिसरं तुम्ही पूर्ण कपड्यांत, दोन्ही पाय फूटरेस्टवर. चौथं मागची व्यक्ती आणि भरलेले बॉक्स धरून. बाईक समोरून हँडलला धरायला एक जण आणि टेप वाचायला दुसरा लागतो. तुमचा एक पाय जमिनीला टेकला तर दहा-पंधरा किलो सहज गायब होतात.

सील आणि लिंकेजच्या घर्षणामुळे शॉक जिथे थांबतो ती जागा थोडी पुढेमागे होते. म्हणून प्रत्येक वेळी मागची बाजू दाबून हळू सोडा आणि मोजा, मग थोडी उचलून हळू सोडा आणि पुन्हा मोजा. दोन्हींची सरासरी धरायची. या दोन वाचनांत १० मिमीच्या वर फरक येत असेल तर सेटिंग थांबवा आणि आधी लिंकेजचे बेअरिंग उघडून ग्रीस बघा, कोरडे असण्याची शक्यता मोठी.

तुमच्या वजनांवर एक उदाहरण सोडवतो. समजा नॉब पूर्ण ढिला आहे. चाक हवेत असताना माप ६०० मिमी. बाईक आपल्या वजनावर ५८३, म्हणजे १७ मिमी बसली. तुम्ही बसल्यावर ५५५, म्हणजे सॅग ४५, ट्रॅव्हलच्या ३० टक्के. इथपर्यंत सगळं छान दिसतं, आणि फसगत इथेच होते. मागची व्यक्ती आणि सामान चढल्यावर ५१५, म्हणजे ८५ मिमी. अर्ध्याहून जास्त ट्रॅव्हल उभ्या उभ्या संपला. तुमचं वजन पुढच्या-मागच्या चाकांत वाटलं जातं, पण मागे बसणाऱ्याचं आणि टॉप बॉक्सचं जवळपास सगळंच मागच्या चाकावर येतं, म्हणून ७५ किलोंनी ४० मिमी खाल्ले.

याच आकड्यांतून स्प्रिंगचीही ओळख होते. ७५ किलोला ४० मिमी, म्हणजे चाक १ सेंमी वर जायला सुमारे १९ किलो. ८५ मिमी बसलेल्या बाईकला उरलेले ६५ मिमी संपवायला वरून आणखी १२० किलो पुरतात. वेगात एक बरा खड्डा एवढा झटका सहज देतो.

आता नॉब पूर्ण आवळा. अशा बहुतेक हायड्रॉलिक नॉबला स्प्रिंगवर १० मिमीच्या आसपास पल्ला असतो. लिंकेजमुळे शॉक १ मिमी दबतो तेव्हा चाक अंदाजे अडीच मिमी हलतं, म्हणून १० मिमीचे चाकाजवळ २५ मिमी होतात. ८५ चा सॅग ६० वर आला. ४० टक्के, अजूनही जास्तच. आणि एकट्याला तोच सॅग २० मिमी, रिकाम्या बाईकला शून्य. तुमच्या दोन्ही तक्रारी या एका आकडेमोडीत बसतात.

उपाय म्हणजे बेस हलवणं. स्प्रिंगच्या वरच्या टोकाला आट्यांवर दोन रिंगा असतात, एक लॉकची आणि एक स्प्रिंगला टेकलेली. नॉब ढिलाच ठेवून या रिंगने एकट्याचा सॅग ४५ वरून ३८ वर आणायचा. चाकाजवळचे ७ मिमी म्हणजे स्प्रिंगवर जेमतेम ३ मिमी. आटे दीड मिमीचे असतील तर रिंगचे दोन पूर्ण फेरेही नाहीत. चाक हवेत ठेवा, आटे ब्रशने साफ करून थोडं तेल मारा, हुक स्पॅनरने लॉक रिंग सोडा आणि मग खालची फिरवा. पेचकस लावून हातोडीने मारू नका, खाचा एकदा गोल झाल्या की पुढच्या वेळी काहीच पकडत नाही. काही शॉकवर नॉबसोबत अशी फिरणारी रिंग नसतेच. मग थेट स्प्रिंगचा विचार करावा लागतो, त्याकडे खाली येतो.

या बदलानंतर एकटे ३८, रिकामी बाईक १०, आणि डबलसीट नॉब पूर्ण आवळून ५३, म्हणजे ३५ टक्के. तळाला जायला आता वरून १८० किलो लागतील. सामानासकट ३५ टक्के मी चालवून घेतो, त्याच्या पुढे नाही.

नॉबच्या क्लिकचा हिशेबही याच बैठकीत करून ठेवा. दोघे आणि सामान असताना पूर्ण ढिल्या नॉबवर मोजा, मग शॉकवरचं वजन काढून १० क्लिक द्या, पुन्हा बसा आणि मोजा. समजा सॅग ८ मिमीने कमी झाला. मग एकटे आणि १५ किलो सामान असेल तेव्हा तेवढेच १० क्लिक पुरतात, कारण १५ किलोंनी बाईक साधारण ८ मिमीच बसते. क्लिक नेहमी पूर्ण ढिल्यापासून मोजायचे.

एवढं करूनही आपटते का, हे कानाने ठरवू नका. शॉकच्या दांड्याला, आतमधला रबरी स्टॉप आणि सील यांच्या मधे, एक बारीक केबल टाय सरकेल इतपत घट्ट बांधा आणि सीलला टेकवून ठेवा. नेहमीच्या रस्त्यावर डबलसीट फिरून या. स्टॉपमुळे दांड्याला हात पुरत नसेल तर हे सोडून द्या. एखाद्या मोठ्या खड्ड्यात टाय शेवटपर्यंत गेला तर ठीक, ट्रॅव्हल वापरण्यासाठीच आहे. साध्या रस्त्यावर दर फेरीला तळाशी सापडत असेल तर स्प्रिंग मऊ आहे आणि प्रीलोडने तो प्रश्न सुटणार नाही.

अशा वेळी १५ टक्के कडक स्प्रिंग घ्या. आकडे असे येतात: एकटे पुन्हा ३८, रिकामी बाईक १४, डबलसीट नॉब आवळून ४८. तळाला जायला १८० च्या जागी जवळपास २२० किलो. रिकाम्या बाईकचा आकडा मुद्दाम देतोय, कारण स्प्रिंग योग्य आहे का हे तोच सांगतो. एकट्याचा सॅग बरोबर आणूनही रिकामी बाईक ५ मिमीसुद्धा बसत नसेल तर स्प्रिंग मऊ असून प्रीलोडने ताणून धरलेली आहे. उलट रिकामीच २५ मिमी बसत असेल तर स्प्रिंग गरजेपेक्षा कडक आहे. हे आकडे सरळ गुणोत्तर धरून काढले आहेत. लिंकेज शेवटी शेवटी थोडं कडक होत जातं, त्यामुळे तुमच्या टेपवर चार-पाच मिमी इकडेतिकडे दिसतील.

प्रीलोड वाढवला की रिबाउंडही, म्हणजे दबलेला शॉक परत उघडताना त्याचा वेग रोखणारी सेटिंगही, बघावा लागतो. स्प्रिंग जास्त दबलेली, वर वजन जास्त, त्यामुळे तोच रिबाउंड आता कमी पडतो. डबलसीटला २ क्लिक बंद करून सुरुवात करा. उंचवट्यानंतर मागची बाजू दुसऱ्यांदा उसळली, किंवा वळणात डोलली, तर आणखी एक. सलग खडबडीत रस्त्यावर मागची बाजू हळूहळू खाली बसत जाऊन कडक वाटू लागली तर एक क्लिक परत सोडा, शॉकला वर यायला वेळ मिळत नाहीये.

सॅग बदलला की चेनची ढिलाईही बदलते, हे फार जण विसरतात. स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा पिव्हट आणि मागचा ॲक्सल एका रेषेत आले की चेन सर्वांत जास्त ताणली जाते, आणि डबलसीट बाईक त्या रेषेच्या जवळ जाते. रिकाम्या बाईकवर मॅन्युअलप्रमाणे ढिलाई ठेवा, मग दोघे बसलेले असताना तिसऱ्याने चेन हाताने हलवून पाहावी. थोडी तरी खेळली पाहिजे. तार झाली असेल तर गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर ताण जातोय.

हेडलाइटचा झोत आणि टायरची हवा डबलसीटच्या हिशेबाने करालच. हवा सॅग मोजण्याआधी भरली काय किंवा नंतर, दोन्ही चालेल; सगळी मापं ॲक्सलपासून वर असल्याने टायरचा त्यात काही संबंध येत नाही.