सीओडीच्या सूत्रातले ८०००

प्रश्न: सांगलीजवळच्या साखर कारखान्याचं सांडपाणी, नमुना २० मिली. ०.१ नॉर्मल फेरस अमोनियम सल्फेट ब्लँकला २४.८ आणि नमुन्याला १५.२ मिली लागलं. सूत्रात ८००० कशासाठी?

उत्तर: टायट्रेशनमध्ये मोजलं जातं ते उरलेलं डायक्रोमेट. म्हणून ब्लँकमधून नमुन्याचं रीडिंग वजा करायचं: ९.६ मिली. याला ०.१ ने गुणलं की ०.९६ मिलिइक्विव्हॅलंट. ऑक्सिजनचा तुल्यभार ८, म्हणजे ७.६८ मिग्रॅ ऑक्सिजन. हा झाला २० मिलीतला. लिटरला ३८४ मिग्रॅ. तुमचे ८००० म्हणजे हेच ८, गुणिले लिटरचे १०००.

नमुना आधी दहापट पातळ केला असेल तर उत्तर ३८४०. (हे विसरून रिपोर्ट देणारे कमी नाहीत.) आणि उकळताना फ्लास्क हिरवागार झाला, तर टायट्रेशनला बसूच नका. डायक्रोमेट संपलंय; नमुना आणखी पातळ करून पुन्हा लावा.